गिलासभर पाणी आणि अंजूरचं तिखट

मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पाय एकवेळ बरे, माझे हात जास्त वाईट. झाकलेलं उघडून बघायचं, बांधलेलं सोडून बघायचं, कुणी चांगलं म्हटलं की ते खरंच चांगलं आहे का ते तपासायचं. या खोडीनं आयुष्यात माझं भलंही झालं. पण एकदा तिनं एका बाईचं जे नुकसान केलं, ते मी अजून विसरलेले नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कल्याणची, मॅट्रिक झालेली, आणि लग्न होऊन भिवंडीत नारपोलीला आलेली. नवरा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. घरात सासूबाईंची खानावळ. आमच्या दोन खोल्यांत दोन्ही शिफ्टचे मिळून बावीस लूमवाले जेवून जायचे, त्यातले निम्मे उत्तरेकडचे. रस्त्यापलीकडे लूमचा खडखडाट पहाटेपासून चालू. आमच्याकडे कुणी हळू बोलतच नसे. मी माहेरी गेले की आई म्हणायची, अगं, ओरडतेस कशाला, मी समोरच बसले आहे.

बावीस माणसांना तिखट किती लागतं ते ज्यांनी खानावळ चालवली त्यांनाच ठाऊक. आमचं तिखट अंजूर गावाहून यायचं. अंजूरची मावशी ही सासूबाईंची बालमैत्रीण, दोघी खाडीकाठच्या एकाच आळीत वाढलेल्या. मावशीकडे पावसाळ्यापुरती भातशेती होती, बाकी वर्ष तिचं उखळावर चालायचं. चैत्र-वैशाखात आजूबाजूच्या गावच्या आणि नारपोलीच्या बायका सुक्या मिरच्या घेऊन तिच्या अंगणात यायच्या. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, देठ खुडायचे, मग मावशी आणि तिची जाऊ समोरासमोर उभ्या राहून मुसळं घालायच्या. एकीचं वर, दुसरीचं खाली. ज्यांना मिरच्या आणणं जमत नसे त्यांना ती स्वतःच्या मिरच्यांचं कांडलेलं तिखट द्यायची. तिच्याकडचं म्हणजे झालं, पुढे कुणी काही विचारत नसे. मावशी अक्षरशत्रू, पण तिच्या हाताखालची मिरची कुठल्या वाणाची ते ती डोळे मिटून वासावर सांगायची.

त्या साली खानावळीत माणसं वाढली होती आणि आमची तिखटाची चिनी मातीची बरणी माझ्याच हातून फुटली. सासूबाई हळहळल्या. मी म्हटलं, बरणीवाचून काय अडलंय, मी पिशवी शिवते. नवरा कारखान्यातून चिंध्या आणायचा, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे. त्यात एक तांबडं जाड कापड सुरेख होतं. तिखटाच्या पिशवीला तांबडंच बरं, डाग दिसत नाहीत, असा मी हिशोब केला आणि दुहेरी शिलाई घालून मोठी पिशवी शिवली. मावशीकडून आलेलं सगळं तिखट तीत भरलं आणि मोरीजवळच्या भिंतीला खुंटीवर टांगली. मला तिचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मी ती दाखवायचे.

ज्येष्ठाच्या सुमारास म्युनिसिपालिटीच्या शाळेत बायकांसाठी एक कार्यक्रम झाला. मुंबईहून कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी टेबलावर काचेचे गिलास मांडले आणि घरच्या घरी भेसळ कशी ओळखायची ते करून दाखवलं. मी पहिल्या रांगेत. गिलासात पाणी घ्यायचं, वरून चमचाभर हळद सोडायची आणि ढवळायचं नाही. चांगली हळद हळूहळू तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग घातलेली असेल तर पूड खाली पोचायच्या आतच पाणी गडद पिवळं होतं. मग त्यांनी बाटलीतून तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे, थेंब टाकले. म्हणाल्या, तेजाबानं चांगल्या हळदीलासुद्धा लालसर झाक येते, पण वर पाणी ओतलं की ती जाते, आणि कापडाच्या रंगाची गुलाबी मात्र कितीही पाणी घाला, जात नाही. तेजाब घरी आणू नका असंही बजावलं. मिरचीची पूड पाण्यावर भुरभुरायची. विटेची भुकटी झपकन तळाला जाते आणि बोटांत चोळली की खरखरते, लाकडाचा भुसा वर तरंगतो, आणि रंग घातलेला असेल तर पुडीपासून तांबड्या रेघा सुटून खाली उतरतात. मिरचीचा स्वतःचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात असा सुटत नाही. हे मला कमालीचं आवडलं. इतकी वर्षं फोडणीत तेल तांबडं होताना मी पाहत होते आणि कधी विचारच केला नव्हता.

घरी येताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पावशेर हळद घेतली आणि चप्पल काढायच्या आधी गिलासात टाकली. पाणी असं पिवळंजर्द झालं की बघतच राहिले. गिलास तसाच पदराखाली धरून परत दुकानात गेले आणि वाण्याच्या तागडीशेजारी ठेवला. चार गिऱ्हाइकं उभी होती. वाणी आधी हसला, मग वरच्या व्यापाऱ्यावर घसरला, मग म्हणाला, ताई, आत या, बसून बोलू. मी कशाला आत जाते! जे बोलायचं ते तिथंच बोलले. आठवडाभरात त्याच्याकडची हळद बदलली.

आणि मी प्रसिद्ध झाले. आळीतल्या बायका कागदाच्या पुड्या घेऊन यायच्या, गिलासवाली वहिनी आहे का म्हणून विचारायच्या. मी ओट्यावर गिलास मांडायचे. कुणाची हळद चांगली निघायची, कुणाची वाईट, एकीच्या मिरचीत विटेची भुकटी चांगली अर्धा बोट तळाशी बसली. सासूबाई कुरकुरायच्या की भाकऱ्या थापायचं सोडून ही काचा मांडून बसते. मी म्हणायचे, लोकांच्या पोटात विष जातंय आणि तुम्हाला भाकऱ्या सुचतात. कसली मी शहाणी!

गौरी-गणपतीच्या आधीची गोष्ट. पाऊस लागून राहिला होता, भिंतींना ओल आली होती, आमचं मीठसुद्धा पाझरत होतं. दुपारी सहा-सात जणी जमल्या होत्या. एकीनं विचारलं, चांगलं तिखट पाण्यात कसं दिसतं ते तर दाखवा, आम्ही सारखं वाईटच बघतोय. बरोबर होतं तिचं. मी ऐटीत उठले, खुंटीवरच्या पिशवीत हात घालून कडेचं चमचाभर तिखट काढलं आणि म्हटलं, आता बघा, हे अंजूरचं, घरचं. याला म्हणतात तिखट.

पूड पाण्यावर पसरली. क्षणभर काही झालं नाही. मग तिच्याखालून एक तांबडी रेघ सुटली, मग दुसरी, मग पाच-सहा, आणि बघता बघता वरचं पाणी गुलाबी झालं.

सगळ्या जणी गिलासाकडून माझ्याकडे बघायला लागल्या. माझे कान तापले. त्या वेळी मला मावशीचा राग आला नव्हता, हे मी नंतर स्वतःशी कबूल केलं. आला होता तो लाजेचा राग, माझी फजिती झाली त्याचा. पण राग आला की तो कुणावर तरी काढावा लागतो. मी म्हटलं, बघा, जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला तिनंच रंग घातला. वाणी परवडला, तो निदान परका होता.

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल? गिलास विसळायलासुद्धा त्याहून जास्त लागतो.

त्या सहा-सात जणींपैकी चार जणी मावशीकडचं तिखट खाणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजूर आणि शेजारच्या वळ गावच्या भाजीवाल्या बाजारात बसल्या तोवर त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि संध्याकाळी त्यांच्या पाट्यांबरोबर ते मावशीच्या दारात पोचलं. सासूबाईंनी मला रात्रीच्या जेवणाच्या गडबडीत एवढंच विचारलं, खरंच बोललीस तू असं? मी म्हटलं, पाणी खोटं बोलत नाही. त्या म्हणाल्या, पाण्याचं मला माहीत नाही, तिचं माहीत आहे. मग त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. कामापुरतं, पीठ आण, पाणी ठेव, इतकंच.

तिसऱ्या दिवशी मावशी स्वतः आली. पावसात चालत, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. उंबऱ्याबाहेरच थांबली. सासूबाईंनी हात धरून आत ओढलं तरी येईना. मला म्हणाली, मला दाखव. मी दाखवलं. त्याच पिशवीतून, तसंच कडेचं तिखट काढलं, तसंच पाण्यावर टाकलं. रेघा सुटल्या. मावशी वाकून गिलासात बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल, शिव्या देईल, रडेल. मी सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती.

"पानी तांबडं झालं ह्ये खरं हाय," ती म्हणाली. "पन मी न्हाय क्येलं."

आणि खोळ डोक्यावर घेऊन निघून गेली. तयार ठेवलेली उत्तरं माझ्या तोंडातच राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी मनात तिच्याशी दिवसभर भांडत राहिले, चूल फुंकताना, पाणी भरताना, जेवणाऱ्यांच्या ताटात भात वाढताना. एकदा तर तोंडातून मोठ्यानं शब्द निघाला आणि समोरचा लूमवाला घाबरून म्हणाला, भाभी, मैंने क्या किया?

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. जिवाला नुसती तगमग. बरोबर असलेल्या माणसाला झोप लागते म्हणतात, मग मला का लागत नव्हती? मी दर दोन दिवसांनी तिखट तपासायचे. का, ते विचारू नका. दुखरा दात जिभेनं चाचपत राहतो ना माणूस, तसं. दर वेळी रेघा सुटायच्या आणि दर वेळी मला हुश्श वाटायचं की चला, मी चुकले नाही. ते तिखट मी खानावळीत वापरणंही बंद केलं होतं, बाजारातून मिरच्या आणून घरीच कुटत होते. हाताला फोड आले.

पितृपक्षात सासूबाईंनी घर आवरायला काढलं. मला म्हणाल्या, ती पिशवी काढ तिथून, भिंत पुसायची आहे, आणि टाकायचं तर टाकून दे एकदाचं. मी पिशवी खाली घेतली. परातीत उलटी केली. तिखटाचा ढीग पडला आणि पिशवीच्या आतल्या बाजूला तिखटाचा दमट थर तसाच चिकटून राहिला, हाताच्या नखाएवढा जाड, गडद. ढिगातलं मधलं तिखट मात्र सुकं, मोकळं, जरा पिवळसर लाल. आत्तापर्यंत पिशवीत हात घालून मी दर वेळी कडेचंच तिखट खरवडून काढलं होतं, कारण मधलं खोल होतं आणि कडेचं हाताला यायचं.

सवयीनं गिलास घेतला. मधलं चमचाभर तिखट पाण्यावर टाकलं.

काही झालं नाही. मी वाट बघितली. पूड थोडी तरंगली, मग हळूहळू दाणा-दाणा खाली बसायला लागली. पाणी जवळजवळ जसं होतं तसंच राहिलं. एकही रेघ नाही. दुसरा गिलास घेतला, पिशवीला चिकटलेला थर नखानं काढून टाकला. रेघाच रेघा. हात आपोआप पुढचं करायला लागले होते. मी रिकाम्या पिशवीचं एक टोक धुवायच्या बादलीत बुडवलं.

बादलीभर पाणी तांबडं झालं. एका टोकानं.

कच्चा रंग! लूमच्या गावात राहणारी मी, जॉबरची बायको. नारपोलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की कोऱ्या रंगीत कापडाला आधी मिठाच्या पाण्यात ठेवायचं, दोन-तीनदा खळबळायचं, रंग जातो का बघायचं आणि मगच शिवायचं. नवऱ्याचा नवा लेंगा मी तसा खळबळल्याशिवाय कधी शिवला नाही. पिशवी शिवताना मात्र वाटलं, ही कोण अंगात घालणार आहे, हिला कशाला धुवायचं. पावसाची ओल भिंतीतून पिशवीत आली आणि पिशवीचा रंग तिखटात उतरला. मी सगळ्या आळीची हळद-तिखट तपासली. माझी पिशवी तपासली नाही. आणि माझ्या बावीस माणसांना अर्धा पावसाळा कापडाचा रंग वाढला, मीच, माझ्या हातानं. भेसळ करणारी बाई मी होते. मला तिथंच बसून रडू आलं, आणि रडतानाही राग आला, कारण आता राग कुणावर काढणार?

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बादली बघितली, पिशवी बघितली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाकऱ्या मी थापते. तू जा."

मी तशीच निघाले. परातीतलं मधलं तिखट पुडीत बांधून घेतलं, काय करणार होते त्याचं कोण जाणे. अंजूरला पोचायला दुपार झाली, शेवटचा पल्ला चिखलातून चालत. रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि मोडत होते. मावशीच्या अंगणात उखळ पालथं घातलेलं. घरात जाऊ एकटी होती. तिनं मला बसायलाही सांगितलं नाही, पण सांगायचं ते सगळं सांगितलं. गणपतीच्या आधी बायका उरलंसुरलं तिखट परत टाकून गेल्या. दिवाळीसाठी मागून ठेवणाऱ्यांनी निरोप पाठवले की नको. शेजारच्या गावात विजेवरची गिरणी झाली होती, तिकडे सगळ्या वळल्या. मावशी दहा दिवसांपासून नारपोलीत कांड्या भरायला जाते. मी विचारलं, नारपोलीत कुठे? तिनं कारखान्याची खूण सांगितली.

आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता तो कारखाना. दहा दिवस ती आमच्या गल्लीच्या तोंडावरून जात-येत होती.

परत येईपर्यंत दिवस कलला होता, पण शिफ्ट सुटायला वेळ होता. मी सरळ कारखान्यात शिरले. मुकादम मला जॉबरची बायको म्हणून ओळखत होता, अडवलं नाही. आत चाळीसएक लूम चालू. कोपऱ्यात चार बायका यंत्रावर कांड्या भरत बसलेल्या, म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळत. मावशीच्या केसांवर, भुवयांवर कापसाची धूळ. जिच्या अंगाला जन्मभर मिरचीचा वास, तिच्या अंगाला आता यंत्राच्या तेलाचा. तिनं मला बघितलं आणि हात चालूच ठेवले.

माफी मागायची तर खालच्या आवाजात मागतात. तिथं खालचा आवाज ऐकूच जाणार नव्हता. मी ओरडून म्हटलं, मावशी, माझी पिशवी होती! ती कानाला हात लावून म्हणाली, काय? मी आणखी ओरडले, पिशवीचा रंग होता, तुमचं तिखट चांगलं होतं! बाजूच्या तिघी वळल्या. दोन लूमवाले वळले. मला वाटलं होतं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होईल. तिनं फक्त खुणेनं सांगितलं, भोंगा होऊ दे.

भोंगा झाल्यावर ती बाहेर आली. लूमच्या बायका झटकतात तसं पदरानं अंग झटकत. मी सगळं सांगितलं, पिशवी, ओल, कडेचं आणि मधलं. पाया पडायला वाकले तर ती मागे सरकली. मी म्हटलं, मावशी, मला काय वाटेल ते बोला.

"माझ्याशी बोलून काय करतेस?" ती म्हणाली. "मला ठावं व्हतं. जिथं बोललीस तिथं बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आळीच्या नळावर मी बोलले. पाणी यायच्या वेळी, हंड्यांची रांग लागलेली असताना. पिशवी नेली, गिलास नेले, परातीतलं तिखट नेलं. आधी पिशवीचं टोक बुडवून दाखवलं. मग मधलं तिखट टाकून दाखवलं. मग बाजूला उभ्या असलेल्या मावशीनं घरून आणलेलं तिच्या डब्यातलं तिखट टाकून दाखवलं. मी एकही गोष्ट वगळली नाही. म्हटलं, मी कापड न खळबळता पिशवी शिवली, मी कडेचंच तिखट काढत राहिले, आणि मी माझी फजिती झाकायला या बाईचं नाव घेतलं. एक जण म्हणाली, मग आपली गिलासवालीच भेसळवाली निघाली. सगळ्या हसल्या. मी पण हसले असते, दुसरं कुणी असतं तर. मग मी अंजूरला गेले, वळला गेले, जिथं जिथं मावशीचं तिखट जात होतं तिथं तिथं, चार-पाच दिवस, सासूबाई खानावळ सांभाळत असताना. कुणी ऐकून घेतलं, कुणी पाट दिला, एकीनं दारातूनच सांगितलं की आता गिरणीचं चांगलं लागतंय. वाईट बोलायला मला बसल्या जागेवरून उठावं लागलं नव्हतं.

पुढच्या चैत्रात मावशीनं कारखाना सोडून उखळ परत सुलटं केलं. बायका आल्या, पूर्वीच्या निम्म्या, पण आल्या. मीही आमच्या मिरच्या घेऊन गेले. कांडून झाल्या, चाळून झाल्या, मावशीनं तिखट माझ्या नव्या डब्यात भरलं. पत्र्याचा डबा, झाकणाचा. अंगणात उखळाशेजारी पाटावर पाण्यानं भरलेला गिलास आणि एक चमचा ठेवला होता. माझ्या आधीच्या दोघींनी आपापल्या तिखटातलं चमचाभर त्यात टाकून, वाकून बघून मगच पिशव्या उचलल्या होत्या. मावशी दर वेळी गिलास रिकामा करून, विसळून, पुन्हा भरून ठेवत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुणाला तोंड उघडून मागायला लागू नये म्हणून तिनं स्वतःच सुरू केलं होतं.

मी डबा उचलला आणि सरळ डोक्यावर घ्यायला लागले. मला गिलासाकडे बघायचंच नव्हतं. माझ्या परीनं मला काहीतरी फेडायचं होतं, सगळ्यांसमोर दाखवायचं होतं की मी न बघता नेते.

मावशीनं माझं मनगट धरलं. हाताला मिरची लागली होती, चांगलीच झोंबली. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "तुझी सासू, तिची आय, कोनीच कधी बघितलं न्हाय. आता तू न बघता नेलंस तर या बाया म्हनतील, तू माझं कायतरी झाकतीस."

मी डबा खाली ठेवला. रांगेतल्या सगळ्या जणी बघत होत्या. चमचाभर तिखट पाण्यावर टाकलं आणि ते खाली बसेपर्यंत मान खाली घालून उभी राहिले.